फूड प्रोसेसरमध्ये कणीक आणि कीस: पातं कोणतं लावायचं, किती वेळ चालवायचं आणि मोटरला ताण कधी येतो

फूड प्रोसेसर नवा घेतला की बहुतेकजण आधी भाज्या चिरून आणि किसून बघतात. ते जमलं की भांडं पिठाने भरून कणीक मळायला घेतात. पहिलं काम मोटरला अगदी हलकं असतं. दुसरं काम त्या मशीनला करायला लागणाऱ्या कामांपैकी सगळ्यात जड असतं. घरगुती मशीनची मोटर गरम होऊन बंद पडते ती बहुतेक वेळा कणीक मळतानाच, आणि कारण जवळजवळ नेहमी तीनांपैकी एक असतं: पीठ जास्त, पाणी कमी किंवा वेळ जास्त. हे तिन्ही आपल्या हातात आहे. म्हणून इथे 300 ग्रॅम पिठाची कणीक आणि अर्धा किलो गाजराचा कीस ही दोन कामं एकाच बैठकीत कशी करायची, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू.

आधी सुटे भाग ओळखा

खाली मोटरचा ठोकळा असतो, त्यातून एक खुंटी वर येते. खुंटीवर भांडं बसतं, भांड्यात पातं किंवा चकती, वर झाकण. झाकणावर उभी नळी असते आणि त्या नळीत सरकणारा दट्ट्या. झाकण नीट फिरवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसलं नाही तर मशीन चालूच होत नाही. नव्या माणसाला मशीन बिघडलंय असं वाटतं, ते अनेकदा याचमुळे.

पात्यांचे प्रकार बरेच मिळतात, पण या दोन कामांसाठी तीन वस्तू पुरतात.

पहिलं, इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं धारदार स्टीलचं पातं. हे चिरण्या-वाटण्याचं. दुसरं, त्याच आकाराचं पण बोथट, सहसा प्लास्टिकचं आणि आखूड बाहूंचं पातं. हे कणकेचं. तिसरी वस्तू म्हणजे किसायची गोल चकती. ती थेट खुंटीवर बसत नाही, मधे एक उंच दांडा लागतो, त्यावर ती भांड्याच्या तोंडाशी बसते. पुष्कळ मशीनमध्ये एकच चकती दोन्ही बाजूंनी वापरता येते: एका बाजूला कीस, दुसऱ्या बाजूला काप. जे काम करायचं त्याची धार वर आली पाहिजे. चकतीवर बोट न फिरवता, उजेडात तिरकी धरून बघा. किसायच्या बाजूला भोकांच्या कडा उचललेल्या दिसतात, काप करायच्या बाजूला एकच लांब सुरी.

कणकेला बोथट पातं का

कणकेला ताकद येते ती पिठातल्या ग्लुटेनमुळे. पीठ भिजलं की त्याचे धागे तयार होतात, आणि मळताना ते ताणले जाऊन एकमेकांत गुंततात. बोथट पातं गोळ्याला ढकलतं, भांड्याच्या भिंतीवर दाबतं आणि दुमडतं. हाताने तिंबताना तळवा जे करतो, साधारण तेच. धारदार पातं तेवढ्याच वेळात गोळा कापत राहतं. अर्ध्या मिनिटात काही बिघडत नाही, पण जास्त वेळ चालवलं तर तयार झालेले धागे तुटतात आणि कणीक लवचिक होण्याऐवजी तुटक होते.

स्टीलच्या पात्याचा दुसरा प्रश्न जास्त त्रासदायक आहे. त्याचे बाहू भांड्याच्या तळालगत फिरतात. कणीक जड झाली की ती पात्याच्या खाली शिरते आणि पात्याला खुंटीवरून वर उचलते. पातं वर सरकलं की खरखर आवाज येतो आणि झाकणाला आतून ओरखडे पडतात.

तरी काही मशीनसोबत कणकेचं वेगळं पातं येतच नाही, आणि माहितीपुस्तिकेत स्टीलच्याच पात्याने मळायला सांगितलेलं असतं. तिथे पुस्तिकेचं ऐका. त्या पात्याची बैठक त्याच हिशेबाने केलेली असते. मात्र दोन्ही पाती असतील तर मळायला बोथटच लावा.

पीठ किती घ्यायचं

मोटरचे वॅट बघून पिठाचा अंदाज करू नका. खोक्यावर लिहिलेले वॅट म्हणजे मोटर वीज किती ओढते ते. पात्यापर्यंत किती जोर पोचतो हे वॅटवरून कळत नाही. पुस्तिकेत ‘पीठ जास्तीत जास्त इतकं’ असा एक आकडा असतो, तो खरा. तो बहुधा कोरड्या पिठाच्या वजनाचा असतो, भिजलेल्या कणकेचा नाही. पुस्तिका हरवली असेल तर दोन लिटरच्या आसपासच्या भांड्यात 300 ग्रॅम पिठाने सुरुवात करा. पाच-सहा वेळा मोटरचा आवाज ओळखीचा झाला की मग 50 ग्रॅमनी वाढवून बघा.

खालची मर्यादाही लक्षात ठेवा. मोठ्या भांड्यात 150 ग्रॅमपेक्षा कमी पीठ घातलं तर ते उडून भिंतीला जाऊन बसतं आणि पातं मोकळंच फिरतं. मग पाणी घातलं की मधे चिखल आणि कडेला कोरडं पीठ असा प्रकार होतो. एवढ्याशा कणकेला हातच बरे.

300 ग्रॅम कणकेची कृती

300 ग्रॅम गव्हाचं पीठ, पाऊण छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे तेल. मापाच्या पेल्यात 200 मिलिलिटर पाणी घ्या, पण ते सगळंच लागेल असं धरू नका. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाला साधारण 180 ते 200 मिलिलिटर लागतं. मैदा असेल तर कमी, 165 ते 180. पीठ जुनं-नवं, जाड-बारीक, हवा दमट-कोरडी, यावर दहा-वीस मिलिलिटर इकडेतिकडे होतंच.

भांडं आणि पातं पूर्ण कोरडं हवं. आधी पातं खुंटीवर ठेवा आणि हलकं फिरवत खाली दाबा, ते खटकन तळाला टेकलं पाहिजे. मगच पीठ. पीठ आधी टाकून नंतर पातं बसवायला गेलात तर पिठाची चिमूट खुंटीच्या खाचेत अडकते आणि पातं पुरतं खाली जात नाही.

पीठ, मीठ आणि तेल घालून झाकण लावा आणि पल्सचे चार-पाच झटके द्या. एक झटका म्हणजे जेमतेम एक सेकंद. तेल पिठाला सारखं लागतं.

आता कणकेसाठी पुस्तिकेत दिलेल्या वेगावर मशीन सतत चालू करा. बहुतेक मशीनवर तो सगळ्यात खालचा किंवा त्याच्या वरचा असतो. चालू असतानाच झाकणाच्या नळीतून पाण्याची बारीक धार सोडा. धार करंगळीपेक्षा जाड नको. पहिले 150 मिलिलिटर पाणी साधारण वीस सेकंदांत आत गेलं पाहिजे. दोन्हीकडच्या चुका होतात. पाणी एकदम ओतलं तर पात्याजवळ पातळ चिखल होतो, पातं त्यात घसरत फिरतं आणि कडेचं पीठ कोरडंच राहतं. पाणी थेंबथेंब घातलं तर पीठ बराच वेळ घट्ट, कोरड्या गोळ्यांच्या अवस्थेत राहतं, आणि मोटरवर सगळ्यात जास्त भार याच अवस्थेत येतो.

आत काय दिसतंय तिकडे लक्ष ठेवा. पाणी अर्धं गेलं की पीठ ओल्या वाळूसारखं दिसतं, भांड्याच्या भिंतीवर आपटल्याचा फरफर आवाज येतो. 150 मिलिलिटरपाशी वाटाण्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या गुठळ्या होतात. इथे धार थांबवा आणि पाच सेकंद नुसतं चालू द्या. पीठ पाणी ओढून घेतं. मग चमचा-चमचा पाणी सोडत जा. साधारण 180-190 ला गुठळ्या एकमेकींना चिकटतात आणि एकाएकी सगळं मिळून एक गोळा होतो. गोळा पात्याबरोबर फिरायला लागतो आणि भांड्याची भिंत पुसली जाते. ही खूण सगळ्यात महत्त्वाची. भिंत स्वच्छ झाली की पाणी बंद, पेल्यात कितीही उरलेलं असो.

गोळा झाल्यावर आणखी पंचवीस-तीस सेकंद चालवा आणि थांबा. पहिल्या धारेपासून इथपर्यंत सव्वा ते दीड मिनिट झालेलं असतं. त्याहून जास्त चालवून कणीक काही जास्त चांगली होत नाही, ती नुसती तापते.

मळणं अर्धवट सोडून कणीक झाकून ठेवा

मोटर वाचवायची सगळ्यात सोपी युक्ती हीच आहे. भिजलेलं पीठ नुसतं ठेवलं तरी ग्लुटेनचे धागे आपोआप जुळत जातात, आणि कोंड्याला पाणी प्यायला वेळ मिळतो. म्हणून गोळा झाल्यावर दहाच सेकंद चालवून मशीन बंद करायचं, झाकण तसंच ठेवून कणीक वीस मिनिटं मुरू द्यायची आणि मग शेवटचे दहा-पंधरा सेकंद फिरवायचं. सलग मळून जी लवचिकता येते ती अशी थोडं कमी चालवूनही येते. मुरलेली कणीक मऊ पडलेली असते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला मोटरला जोरही कमी लागतो. घट्ट कणीक हवी असेल तर हीच पद्धत वापरा. घट्ट गोळा सलग मळणं हेच मशीनला सगळ्यात अवघड जातं.

कणीक झाली का हे बघायला लिंबाएवढा तुकडा तोडा आणि बोटांनी हळूहळू ताणा. तो लगेच तुटला आणि कडा खरबरीत दिसल्या तर अजून मुरायला हवी. पातळ पापुद्रा होईपर्यंत ताणला गेला तर झाली. हात लावून ऊबही बघा. कणीक जेमतेम कोमट लागायला हवी. स्पष्ट गरम लागत असेल तर मशीन जास्त चाललं आहे. पात्याच्या घर्षणाने कणीक फार लवकर तापते. यीस्ट घालून फुगवायच्या कणकेत हे जास्त नडतं, कारण गरम कणीक वेळेआधी फुगते. त्या कणकेला मशीनमध्ये कोमट पाणी न घालता थंड पाणी घाला. यीस्ट वेगळं भिजवायचं असेल तर त्यापुरतं थोडंसं कोमट पाणी घ्या आणि उरलेलं थंड.

कणीक बिघडली तर

सैल झाली आणि भिंतीला चिकटून राहिली, तर एक मोठा चमचा पीठ भुरभुरवून तीन-चार पल्स द्या, पुन्हा बघा. एकदम मूठभर पीठ टाकू नका.

घट्ट झाली तर मात्र गोळ्यावर वरून पाणी ओतून उपयोग नाही. इथे बहुतेकांची चूक होते. पाणी गोळ्याच्या आत शिरत नाही. ते बाहेरून गोळा बुळबुळीत करतं, मग गोळा पात्यासोबत नुसता गरगर फिरतो आणि मळलाच जात नाही. मशीन बंद करा, गोळ्याचे पाच-सहा तुकडे करून भांड्यात पसरा, त्यावर दोन छोटे चमचे पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा आणि मग पल्स द्या.

गोळा एका बाजूला अडकून धडधड आवाज येत असेल आणि मशीन ओट्यावर सरकत असेल तर वजन एका अंगाला गेलं आहे. हाताने दाबून धरत चालवू नका. थांबवा, गोळा दोन भागांत तोडून पात्याच्या दोन्ही अंगांना ठेवा. मशीनच्या खालचे रबरी पाय पिठाने माखलेले असतील तर तेही पुसा, कारण पिठाच्या थरावर ते धरून राहत नाहीत.

मोटरला ताण येतो म्हणजे काय होतं

अशा मशीनची मोटर वेगाने फिरत असते तेव्हा ती आपल्या फिरण्याने विजेच्या उलट दिशेला दाब तयार करते, आणि त्यामुळे तारांमधून वाहणारा प्रवाह आटोक्यात राहतो. घट्ट कणकेने तिचा वेग उतरवला की तो उलटा दाब घटतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर तारांमधली उष्णता चौपट होते. त्यात भर म्हणजे मोटर थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर हळू झाली की वाराही कमी. म्हणजे ज्या क्षणी तिला जास्त थंडावा हवा, त्याच क्षणी तो कमी मिळतो. पातं पूर्ण अडकून मोटर जागच्या जागी थांबली आणि बटण चालूच राहिलं, तर तारांवरचा लेप काही सेकंदांतच जळायला लागतो.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. मोटरचा आवाज हाच तुमचा मापक. रिकाम्या मशीनचा आवाज एकदा दोन-तीन सेकंद मुद्दाम ऐकून ठेवा. कणीक मळताना तो थोडा खाली उतरतो, ते ठीक आहे. पण तो घोगरा होऊन उतरतच चालला, किंवा पात्याचे बाहू डोळ्यांना वेगळे दिसायला लागले, तर लगेच बंद करा. तिथे वेग वाढवण्याचा मोह होतो. त्याने भार कमी होत नाही, अडकलेली मोटर आणखी प्रवाह ओढते. अर्धी कणीक बाहेर काढा आणि दोन खेपांत करा.

दुसरी खूण वास. अगदी नव्या मशीनला पहिल्या काही वेळा तारांच्या लेपाचा हलका वास येतो, तो पुढे जातो. जुन्या मशीनला तोच वास तिखट होऊन आला किंवा धूर दिसला तर प्लग काढून ते पूर्ण गार होऊ द्या. वास पुन्हा आला तर दुरुस्ती करणाऱ्याला दाखवल्याशिवाय वापरू नका. तिसरी खूण म्हणजे ठोकळ्याला लावलेला हात. हात पाच सेकंद ठेववत नसेल तर पुढची खेप आत्ता नको.

सलग किती वेळ चालवायचं याचं उत्तर मशीनच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतं: इतकी मिनिटं चालू, इतकी बंद. तिथे पाच मिनिटं लिहिली असतील तरी ती कणकेसाठी धरू नका. कणकेचा वेळ पुस्तिकेत बहुधा वेगळा आणि बराच कमी दिलेला असतो, आणि तोच पाळायचा. 600 ग्रॅम पीठ मळायचं असेल तर 300-300 च्या दोन खेपा करा आणि मधे किमान दहा मिनिटं जाऊ द्या. बाहेरचा ठोकळा गार लागला तरी आतल्या तारा त्याहून गरम असतात, त्यामुळे दोन मिनिटांची विश्रांती पुरत नाही.

बऱ्याच मशीनमध्ये जास्त भार आला की आपोआप मोटर बंद करणारा कट-आउट असतो. मशीन मधेच शांत झालं की माणूस घाबरतो, पण तो कट-आउट मोटरला वाचवतोय. प्लग काढा, भांड्यातली निम्मी कणीक काढा, अर्धा तास थांबा. काही मशीनच्या तळाला छोटं बटण बाहेर आलेलं असतं, ते दाबलं की पुन्हा चालू होतं. काहींत बटण नसतं, गार झालं की आपोआप चालू होतं. म्हणून भांड्यात हात घालण्याआधी प्लग काढणं सक्तीचं समजा. बटण लगेच दाबून तीच कणीक पुन्हा फिरवायची नाही. असं दोन-तीनदा झालं की कट-आउट असूनही मोटर जळते.

मोटर जोरात फिरतेय पण पातं थांबलंय आणि टकटक आवाज येतोय, असं झालं तर मोटर ठीक आहे. मधला जोड, म्हणजे कपलर, झिजून घसरतो आहे. तो सहसा रबराचा किंवा प्लास्टिकचा असतो. खुंटीभोवती काळा चुरा दिसला तर खात्री झाली. हा भाग बदलता येतो, आणि तो वेळेवर बदलणं शहाणपणाचं.

त्याच भांड्यात कीस

आता कणीक काढून झाकून ठेवली आहे, मशीन दहा-पंधरा मिनिटं गार होतंय. तेवढ्यात गाजरं तयार करा. क्रम मुद्दाम असा ठेवलाय. कणकेला भांडं कोरडं लागतं आणि मोटर गार लागते, म्हणून ती आधी. किसायला दोन्हीची गरज नाही. भांड्याला चिकटलेली कणीक खरवडून, एकदा धुतलं की पुरे.

अर्धा किलो गाजरं धुवून दोन्ही टोकं कापा. तुकडे नळीच्या उंचीपेक्षा बोटभर आखूड हवेत. कीस लांब हवा की आखूड, हे तुकडा नळीत कसा ठेवता त्यावर ठरतं. नळीच्या रुंदीएवढे तुकडे करून आडवे रचले तर कीस लांब निघतो. उभे घातले तर आखूड.

उभे घालताना नळी भरलेली असावी. एकटं बारीक गाजर नळीत कलतं आणि तिरकं कापलं जातं. दोन-तीन गाजरं, एकाचं जाड टोक खाली, दुसऱ्याचं वर, अशी घातली की एकमेकांना धरून राहतात.

चकती कोणती? गाजर, बीट, कच्चा बटाटा, मुळा यांना मोठ्या भोकांची. बारीक भोकांची चकती कडक वस्तूंसाठी ठेवा. मऊ किंवा पाणीदार भाजी बारीक भोकांत अडकते, लगदा होतो आणि तो सारायला आपण दट्ट्या दाबत बसतो. कोबी किसूच नका, त्याला काप करायची बाजू लावा. पानांचे थर किसणीत अडकतात, सुरीखाली मात्र सरळ चिरले जातात. काकडीसारखी पाणीदार भाजी तासभर फ्रीजमध्ये ठेवून घट्ट केली तर कीस सुटा येतो.

दांडा, त्यावर चकती, झाकण, नळीत गाजरं, वर दट्ट्या. आधी मशीन चालू करा, मग दाबा. गाजर चकतीवर दाबून धरून चालू केलं तर मोटरला थांबलेल्या अवस्थेतूनच भार उचलावा लागतो. गाजर-बिटाला मधला किंवा वरचा वेग, मऊ भाजीला खालचा.

दट्ट्यावर किती जोर द्यायचा, हीच किसण्यातली खरी कला. गाजराला नुसत्या हाताचं वजन पुरतं, काकडीला तर दट्ट्याचं स्वतःचं वजन पुरे. खांद्यातून जोर लावावा लागत असेल तर तीन शक्यता: चकती उलटी बसली आहे, तिची धार गेली आहे किंवा भोकं भरली आहेत. जोर लावून काम रेटलं तर चकती वाकून झाकणाला किंवा भांड्याला घासते, गाजर कापलं जाण्याऐवजी चिरडलं जातं, कीस ओला होतो आणि मोटरचा आवाज कणकेसारखाच खाली येतो. हलक्या कामात मोटर तापते ती अशी. बोटं किंवा चमचा नळीत कधीही घालायचा नाही. दट्ट्या त्यासाठीच दिलेला आहे.

कीस भांड्यात सगळीकडे सारखा पडत नाही. एका बाजूला ढीग होतो आणि तो चकतीच्या खालच्या बाजूला टेकतो. पुढचा कीस खाली जायला जागा राहत नाही, तो चकती आणि ढिगाच्या मधे भरडला जातो. भांडं अर्धंच भरलंय असं बाहेरून वाटतं, आत मात्र लगदा सुरू झालेला असतो. म्हणून दोन नळ्या गाजर झालं की मशीन बंद करा, चकती थांबू द्या, झाकण काढून ढीग हाताने सपाट करा. अर्ध्या किलोला असं दोनदा करावं लागेल, आणि सगळं मिळून मशीन मिनिटभरसुद्धा चालत नाही.

शेवटी चकती आणि झाकणाच्या मधल्या फटीत एक चपटा तुकडा उरतोच. तो कुठल्याही मशीनमध्ये उरतो, त्यासाठी दट्ट्या आपटू नका. बाहेर काढून सुरीने चिरून टाका.

धुताना

कणकेच्या भांड्याला आधी गार पाणी. गरम पाण्याने पीठ शिजल्यासारखं होऊन कोपऱ्यांत चिकटतं. चकती लगेच धुवा, वाळलेला कीस भोकांतून निघत नाही. ब्रश बोथट बाजूकडून धारेच्या दिशेने फिरवा म्हणजे बोटंही वाचतात. गाजराचा केशरी डाग प्लास्टिकवर बसला तर तेलाचा बोळा फिरवून मग साबण लावा. मोटरचा ठोकळा फक्त पिळलेल्या फडक्याने पुसायचा.

कणकेच्या पात्याच्या मधल्या पोकळ भोकात, जिथे खुंटी शिरते, तिथे दर वेळी थोडी कणीक जाते. बाहेरून पातं लख्ख दिसतं आणि ती आतच वाळते. ओली असतानाच लाकडी काडीने ती फिरवून काढा आणि भोक खालच्या बाजूला करून पातं वाळवा. तसं केलं नाही तर पुढच्या वेळी पातं तळापर्यंत उतरत नाही, वरच अडकतं, आणि तळाचं पीठ कितीही फिरवलं तरी कोरडंच राहतं.